बॅनरवरचे चेहरे आणि माईकसमोरची बाई

(चिंचवड येथे व्हिडिओचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या बोलण्याचा संपादित मजकूर)



मी चाकणला नोकरी करतो. गाड्यांच्या सुट्या भागांवरचे ओरखडे कॅमेऱ्याने शोधायचे, असं माझं काम. तिथे उजेड आपल्या हातात असतो, वस्तू हलत नाही. म्हणून आपल्या सभांच्या व्हिडिओंसाठी थंबनेल निवडणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तेव्हा सोपं वाटलं होतं.

पहिला व्हिडिओ चाळीस मिनिटांचा होता. घरातल्या हिंसेविषयी एक ताई बोलत होत्या. दर दोन सेकंदांना एक, अशा बाराशे फ्रेम काढल्या. प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा शोधायचा, तो किती मोठा, किती स्पष्ट हे मोजून गुण द्यायचे. प्रोग्रॅमने पहिल्या क्रमांकाला निवडले हमीद दलवाई! 1977 साली गेलेले दलवाई मागच्या फ्लेक्सवर होते. ताई फ्रेमच्या कडेला अर्ध्या कापल्या गेल्या होत्या.

यात प्रोग्रॅमची गणिताची चूक नव्हती. मी वापरलेली पद्धत व्हायोला आणि जोन्स यांनी 2001 मध्ये मांडलेली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ, अशा उजेड-सावलीच्या खुणा ती शोधते. त्या खुणा समोरून पाहणाऱ्या चेहऱ्यात नीट मिळतात. फ्लेक्सवरचा माणूस कायम समोर पाहतो, त्याचे डोळे कधी मिटत नाहीत, तोंडासमोर माईक येत नाही. ताई मात्र कागदाकडे वाकून पाहत होत्या, हनुवटी माईकमागे, डोक्यावरच्या ओढणीची सावली कपाळावर. जी बाई बोलत होती, तीच तिच्या व्हिडिओतून गेली.

उपाय साधा निघाला. जिवंत माणूस हलतो, छापलेला हलत नाही. चेहऱ्याची चौकट अनेक फ्रेममध्ये एकाच जागी सापडत असेल, तर त्या चौकटीतले पिक्सेल एकमेकांतून वजा करायचे:

```python
diff = cv2.absdiff(face_a, face_b).mean()
```

फ्लेक्सवर हा आकडा जवळजवळ शून्य राहतो. उरतो तो व्हिडिओ दाबताना आलेला कचरा. डुलकी घेणारे अध्यक्षसुद्धा चाळीस मिनिटांत एकदा तरी मान हलवतात, त्यामुळे ते वाचतात. पण कॅमेरा कुणाच्या हातात असेल तर सगळंच हलतं आणि ही युक्ती फसते. मग सरळ माणसाने एकदा बॅनरभोवती चौकट आखून द्यावी, हे बरं. आणि मुळात स्टँड वापरा, एवढी विनंती.

दुसरी अडचण खिडकीची. ताईंच्या मागे खिडकी होती. पूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड उत्तम, पण चेहरा काळा. म्हणून उजेड आणि स्पष्टता पूर्ण फ्रेमची मोजायची नाही, फक्त चेहऱ्याच्या चौकटीतली मोजायची. नाहीतर कडक इस्त्रीच्या पडद्याला जास्त गुण मिळतात, कारण त्याच्या चुण्या फार स्पष्ट असतात.

आता अक्षरांकडे येतो. थंबनेल आपण 1280 बाय 720 पिक्सेलचं करतो, पण फोनवरच्या यादीत ते टिचभर दिसतं. समजा रुंदी 160 पिक्सेल उरली. म्हणजे आठपट लहान. मूळ चित्रात आठ पिक्सेल जाड असलेली रेघ तिथे एक पिक्सेलची होते. ‘हिंसा’ लिहिलं तर वेलांटीच्या टोकाशी बसलेला अनुस्वार वेलांटीतच मिसळतो आणि ‘हिसा’ उरतं. उर्दू मथळ्यात नुक्त्यांचं हेच होतं. इंग्रजी अक्षरांवर जमलेला आकार आपल्याला पुरत नाही. चित्र खरोखर 160 पिक्सेलला आणा, फोन हातभर लांब धरा आणि ज्याला मथळा माहीत नाही त्याला वाचायला सांगा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ येऊन बसते.

रंगांचं प्रमाण मोजता येतं. काळ्यावर पिवळं सुमारे 19.6 ला 1 येतं, पिवळ्यावर पांढरं 1.07 ला 1, म्हणजे जवळपास अदृश्य. मोठ्या अक्षरांना किमान 3 ला 1 हवं, असा वेबचा प्रचलित निकष आहे. पण अक्षरांमागे फोटो असेल तर सरासरी फसवते. अर्धा शब्द काळ्या कोटावर आणि अर्धा पांढऱ्या भिंतीवर पडतो. प्रत्येक अक्षरामागचा तुकडा वेगळा मोजून त्यातला सर्वांत वाईट आकडा धरायचा. तो कमी आला तर मागे गडद पट्टी घाला.

एक गोष्ट प्रोग्रॅमला कळत नाही: श्रोत्यांत बसलेल्या कुणाला आपला चेहरा दिसायला नको आहे. त्या दिवशी सल्ला घ्यायला आलेल्या दोघी पहिल्या रांगेत होत्या आणि एका फ्रेमला त्यांच्यामुळे चांगले गुण मिळाले होते. म्हणून श्रोत्यांकडे कॅमेरा वळलेला भाग मी आता आधीच वगळतो. प्रोग्रॅम पाच फ्रेम निवडतो, त्या वक्त्यांना फोनवर पाठवतो.

ताईंनी पाचवी निवडली. हात वर, नजर श्रोत्यांकडे, चेहरा थोडा बाजूला वळलेला. पाचांत सर्वांत कमी गुण तिलाच होते.