मेणबत्तीच्या उजेडातली पटकथा

इमारतीतली लाईट जाते, दोन शेजारी एका मेणबत्तीभोवती बसतात आणि त्यांच्यात प्रेम उमलतं. लघुपट करू पाहणाऱ्यांना ही कल्पना हमखास मोहवते. दोन नट आणि एक खोली, एवढ्यात भागतं. पण लिहायला बसलं की पहिल्याच पानावर गाडी अडते. मोबाईलचा टॉर्च का लावला नाही? मेणबत्ती तोडून दोन का केल्या नाहीत? प्रेक्षकाच्या मनात हे प्रश्न येणारच, आणि त्यांची उत्तरं संवादातून नव्हे, प्रसंगातून मिळायला हवीत.

आपण एक उदाहरण रचू या. डोंबिवलीतली जुनी इमारत, तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं. एप्रिलमधली रात्र, साडेआठची वेळ. वसुधा शाळेत शिक्षिका आहे. वार्षिक परीक्षेचे पेपर सकाळपर्यंत तपासून द्यायचे आहेत. समोरचा निखिल लोकलमधून नुकताच घरी आलाय, मोबाईल कधीच बंद पडलाय. वसुधाच्या मोबाईलमध्ये चार टक्के चार्जिंग उरलंय, आणि गावाहून आईचा फोन यायचा आहे. लाईट जाते. निखिलच्या ड्रॉवरमध्ये मेणबत्तीचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा सापडतो. त्याचे दोन करण्यात अर्थ नाही. पण त्याच्याकडे इंडक्शनची शेगडी, काडेपेटी नाहीच. वसुधाकडे गॅस आहे, मेणबत्ती नाही. तो दार वाजवतो. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, आणि हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

आता त्यांना जवळ कोण आणणार? खुद्द उजेडच. ज्योतीपासूनचं अंतर दुप्पट झालं की पानावरचा उजेड चौथाईवर येतो. म्हणून पेपर वाचायचे तर ज्योतीला खेटूनच बसावं लागतं. निखिल गुणांची बेरीज करून द्यायला लागतो, म्हणजे त्यालाही तिथेच बसावं लागतं. मात्र दार उघडं आहे. दार लावलं तर जिन्यातून जाणारे चार लोक चार गोष्टी बोलतील, उघडं ठेवलं तर वाऱ्याने ज्योत विझेल. मग निखिल न सांगता उठतो आणि दाराकडे पाठ करून, वारा अडवत बसतो. पटकथेत त्याचं प्रेम एवढ्या एका ओळीत येतं. इथे संवाद घातलात तर प्रसंग पडेल.

ध्वनीही पटकथेतच लिहावा. नुसतं ‘लाईट जाते’ लिहून भागत नाही. फ्रिजची घरघर थांबते, पंखा फिरत फिरत मंदावतो, आणि मग एरवी न ऐकू येणारं सगळं ऐकू येऊ लागतं: वरच्या मजल्यावरचं बाळ, खालचं बोलणं, वसुधाच्या लाल पेनचा आवाज.

चित्रीकरणाच्या वेळी मेणबत्ती दगा देते. शॉट क्रमाने घेतले जात नाहीत. आधीच्या शॉटमध्ये बुटकी असलेली मेणबत्ती पुढच्यात उंच दिसली की सगळं फसतं. यावर उपाय सोपा आहे. आधी तसाच एक तुकडा घरी जाळून, घड्याळ लावून तो किती वेळ पुरतो ते पाहा. मग एकाच जाडीच्या मेणबत्त्या वेगवेगळ्या उंचीवर कापून त्यांना प्रसंगांचे क्रमांक द्या. स्टॅनली कुब्रिकने 1975च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले, त्यासाठी एफ 0.7 इतक्या मोठ्या छिद्राची झाइसची लेन्स वापरली. त्या लेन्सला फोकसची खोली इतकी कमी की नटांना फारसं हलताही येत नव्हतं. आजचे कॅमेरे कमी उजेडात बरंच पाहू शकतात, तरी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडल्यावर ही अडचण थोडीफार राहतेच. म्हणून पात्रांना बसवून ठेवणारी पटकथा सोयीची पडते.

आता शेवट. अंधारातच प्रेमाची कबुली उरकली, की लाईट आल्यावर सांगायला काही उरत नाही. आपल्या गोष्टीत पाच पेपर बाकी असताना लाईट येते. बटण चालूच राहिलेला पंखा सुरू होतो, पेपर उडतात, दोघांचे हात एकदमच गठ्ठ्यावर पडतात आणि मेणबत्ती विझते. आता निखिलला तिथे बसायला काही कारण उरलेलं नाही. तो उठतो. वसुधा मान वर न करता पुढचा पेपर त्याच्या बाजूला सरकवते. तो पुन्हा बसतो. चित्रपट इथे संपवावा.

तेव्हा तुम्ही अशी पटकथा लिहिणार असाल, तर लाईट परत येण्याचा प्रसंग सर्वांत आधी लिहा. ट्यूबलाईटच्या उजेडात ती दोघं कशासाठी थांबतात हे तुम्हाला ठाऊक असेल, तरच मेणबत्ती पेटवा.