‘असं नको’ म्हणजे नेमकं कसं नको?

आमच्या गटाची सचिव लग्न होऊन सासरी गेली. बँक खात्यावर तिच्याजागी नव्या सचिवाची सही लावायची होती. लिहिण्याचं काम माझ्याकडे. मी दोन पानी अर्ज लिहिला आणि बँकेत नेला. साहेबांनी वरवर पाहिला आणि परत दिला. “असं नको.”

मला वाटलं, लांबलाय. घरी येऊन अर्ध्या पानात बसवला. पुन्हा तेच. मग वाटलं, भाषा उद्धट झाली असेल. ‘नम्र विनंती’, ‘कृपया’ घातलं. तिसऱ्यांदाही “असं नको”. तीन चकरा झाल्या, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच.

चौथ्यांदा मी कागद टेबलावर ठेवला आणि एकेक गोष्ट विचारली. “साहेब, काय चुकलं?” असं विचारलं नाही, कारण त्याला उत्तर “सगळंच” असं येतं. आधी म्हटलं, “मजकूर जास्त झालाय का?” म्हणाले, “नाही, लांबीचं काही नाही.” “बोलणं बरोबर वाटतं ना?” “हो हो.” “यातली नावं, तारखा तपासता का?” तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. नव्या सचिवाचं सासरचं नाव मी लिहिलं होतं, आधारवर माहेरचं. एक चूक सापडली. पण मी तिथं थांबले नाही. “एवढं दुरुस्त केलं की चालेल?” साहेब म्हणाले, “अहो, अर्ज कशाला? ठरावाची नक्कल आणा.”

म्हणजे तीन चकरा मी ज्या शब्दांवर घालवल्या, त्यांचा संबंधच नव्हता. कागदच दुसरा हवा होता. सभेची तारीख, हजर सदस्य, जुनी सही काढून नवी लावण्याचा निर्णय, आणि सदस्यांच्या सह्या. हे सगळं आमच्या इतिवृत्ताच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं! नवीन सचिवाला सोबत नेलं, काम झालं.

गटातही हे होतं. मी सभेची सूचना लिहिली, तर आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, “असं नको गं.” त्यांना वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवली. तारीख, वेळ, जागा ऐकताना त्या मान हलवत होत्या. ‘न आल्यास दंड घेतला जाईल’ म्हटलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. इथं माहिती बरोबर होती, बोलण्याची तऱ्हा खटकली. ‘येता येत नसेल तर आदल्या दिवशी कळवा’ असं केलं, तर म्हणाल्या, “हां, आता लाव.”

कधीकधी समोरच्यालाही नीट सांगता येत नाही. सगळ्यालाच “ठीक आहे” म्हणतात आणि कागद तरी परत करतात. तेव्हा मी एवढंच विचारते, “याआधी चाललेला एखादा कागद दाखवता का? खाते नंबर झाका हवं तर.” तो शेजारी ठेवला की आपल्या कागदात काय वेगळं आहे ते आपल्यालाच दिसतं.