गणवेशाची मर्यादा

दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या खाजगी सुरक्षारक्षकाचा गणवेश पाहून माणूस नकळत त्याला पोलीस समजतो. कायदा मात्र त्याला अटकेचा अधिकार सामान्य नागरिकाइतकाच देतो. समजा, ३०० रुपयांचा डबा लपवल्याच्या संशयावरून रक्षकाने एका तरुणाला आतल्या खोलीत कोंडले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, घोषित फरारी सोडल्यास, नागरिकाला अटक करता येते ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यासाठीच. आणि ६ तासांच्या आत त्या व्यक्तीस पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे येथे कोंडणे हाच गुन्हा ठरू शकतो.

मग जाब कोणाला विचारावा? २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्यानुसार परवाना रक्षकाला नव्हे, संस्थेला मिळतो; तो निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याला असतो. म्हणून ओळखपत्रावरील संस्थेचे नाव टिपून घ्यावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिची प्रत त्या प्राधिकाऱ्याकडे पाठवावी. रक्षक एका दिवसात बदलता येतो; परवाना गमावणे संस्थेला परवडत नाही.