घोषवाक्यातला आकडा खरा हवा
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



बल्ब बदल मोहिमेसाठी मुलांनी लिहिलेली घोषवाक्यं तपासायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी आधी यमक बघितलं नाही, आकडा बघितला. सगळ्यांत जास्त टाळ्या मिळतील असं वाक्य होतं, 'एलईडी लावा, बिल निम्मं करा'. ते मी बाजूला ठेवलं. का, ते सांगतो.

साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिट जळतात. त्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला की 1.35 युनिट. म्हणजे एका बल्बमागे साडेसात युनिटच्या थोडं वर वाचलं. आता समजा, एका घराचं बिल 320 युनिटचं आहे आणि घरात असे तीन बल्ब आहेत. तिन्ही बदलले तर वाचतील 23 युनिट, म्हणजे शंभरात सात. फ्रिज, पंखे, गीझर आहेत तिथेच आहेत, बिल निम्मं कुठून होणार? पुढच्या महिन्याचं बिल हातात आलं की लोक म्हणतील, सोसायटीने फसवलं. आणि मग कोणी दुसरा बल्ब घेऊन येणार नाही.

पण हे सात टक्केसुद्धा दिसतात त्यापेक्षा मोठे आहेत, बरं का. महावितरणच्या बिलात 100, 300, 500 युनिट असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं वाचतं. आपल्या उदाहरणात 320 वरून 297 झाले, म्हणजे तीनशेच्या वरचे महाग वीस युनिट पुरते गेले. शिवाय वहन आकार युनिटवर आणि वीज शुल्क रकमेवर लागतं, तेही कमी होतं. स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून शेजारी आहे, म्हणून बिल काही शेजारधर्म पाळत नाही! हिशेबाला सोपं म्हणून सगळं मिळून युनिटला 10 रुपये धरा, तरी एका बल्बमागे महिन्याला पंचाहत्तर रुपये झाले. स्वतःचा दर बिलावर बघून हाच गुणाकार करा.

म्हणून पोस्टरसाठी मी हे निवडलं: 'साठचं काम नऊ वॅटात, पंचाहत्तर रुपये खिशात'. खाली बारीक अक्षरात 'रोज पाच तास, एक बल्ब, महिना' असं लिहायचंच. कारण बाथरूमचा बल्ब दिवसाला अर्धा तास लागतो, तिथे महिन्याला पाऊण युनिट वाचतं. तेव्हा दुसरं घोषवाक्य, चौथीतल्या एका मुलीचं: 'जो जळे जास्त तास, तो आधी बदला खास'. छान आहे. देवघर, हॉल, स्वयंपाकघर आधी, माळा शेवटी.

जिन्यात तर हा हिशेब आणखी बोलका होतो. तिथे बल्ब रात्रभर बारा तास असतो, एकामागे महिन्याला 18 युनिट वाचतात, आणि ते बिल आपल्या सर्वांच्या मेंटेनन्समधून जातं. जिन्याच्या भिंतीवर लावायला वाक्य: 'जिन्यात दिवा रात्रभर, खर्च पडतो सर्वांवर'.

सीएफएलवाल्यांना मात्र वेगळं सांगावं लागेल. पंधरा वॅटचा सीएफएल बदलून महिन्याला जेमतेम एक युनिट वाचतं. चालू असेल तर चालू द्या. गेलेला असेल तर फोडू नका, त्यात पारा असतो. ऑफिसात वेगळं खोकं ठेवलं आहे.

आता अट. सरकारच्या उजाला योजनेत 2015 पासून एलईडी स्वस्तात मिळू लागले. पण 2021 च्या ग्राम उजाला योजनेत, जी आपल्याकडे नागपूरच्या गावांत आली, दहा रुपयांत एलईडी देताना जुना चालू बल्ब जमा करून घ्यायचं ठरलं, घरटी पाचपर्यंत. 'चालू' का? गेलेला बल्ब तर आपण टाकूनच देतो. चालू बल्ब घरात राहिला की तो गॅलरीत लागतो, आणि वाचलेली वीज तिथे जळते. आपणही तीच अट ठेवू: 'चालू बल्ब आणा, एलईडी न्या'. यमक नाही, पण नियम समजतो.

एक सूचना. नवा एलईडी बंद काचेच्या गोळ्यात लावू नका. त्याची उष्णता मागच्या भागात कोंडते आणि आतलं सर्किट लवकर जातं. लुकलुकायला लागला की समजा, तेच बिघडलं. विकत घेताना वॅटबरोबर खोक्यावरचे लुमेनही वाचा. साठच्या पिवळ्या बल्बला सातशेच्या आसपास लुमेन असतात, तेवढे तरी हवेत.

रविवारी सकाळी बल्ब घेऊन या. येताना गेल्या महिन्याचं बिलही आणा, तुमच्या घराचा आकडा मी तिथेच काढून देईन.