आपलाच नंबर आठवत नाही तेव्हा

समजा, सूरजागडचे एक काका एटापल्लीला बँकेत आले. अर्जावर मोबाईल नंबर लिहायचा आहे, पण आठवत नाही. फोन साधा, बटणांचा, सिम बीएसएनएलचं.

काकांनी फोन लावतात तसंच स्टार 222 हॅश, म्हणजे `*222#` दाबून हिरवं बटण दाबावं. थोड्या वेळात पडद्यावर नंबर येतो. एअरटेलसाठी `*282#` आणि व्हीआयसाठी `*199#` असे कोड आहेत. कंपन्या ते अधूनमधून बदलतात. कोडला इंटरनेट लागत नाही, पण रेंज हवीच. जंगलातल्या गावात उत्तर आलं नाही, तर रेंजमध्ये येऊन पुन्हा दाबा.

स्मार्टफोन असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथे कधी नंबर दिसतो, कधी जागा रिकामी असते. कारण सिमवर नंबर लिहिलेला असतोच असं नाही. सिममध्ये त्याचा ओळख-क्रमांक असतो; त्याला कोणता मोबाईल नंबर जोडलाय, हे कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेलं असतं. म्हणूनच नंबर तोच ठेवून कंपनी बदलल्यावर सेटिंगमध्ये कधी चुकीचा, तात्पुरता नंबरही दिसतो.

तेव्हा खात्री करायला शेजारच्याला मिस कॉल द्या. त्याच्या फोनवर उमटेल तोच तुमचा खरा नंबर. अर्जावर तो लिहा. आणि अनोळखी माणसाने फोनवरून सांगितलेला कोड मात्र दाबू नका. अशा कोडने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळू शकतात.