अनोळखी अभ्यागताचे अभिवादन

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कचेरीच्या, शाळेच्या वा पंचायतीच्या दारात अनोळखी माणूस येतो, तेव्हा त्याच्याशी बोलावयाचा पहिला शब्द कोणता असावा? महाराष्ट्रात ‘रामराम’, ‘जय भीम’, ‘सलाम’, ‘जोहार’, ‘जय जिनेंद्र’ अशी अनेक अभिवादने रूढ आहेत. प्रत्येकामागे एखादी श्रद्धा, चळवळ किंवा परंपरा उभी आहे. त्यांपैकी एखादे केवळ अंदाजाने उच्चारले, तर समोरच्या माणसावर नकळत एक ओळख लादली जाते.

हा अंदाज बहुधा आडनावावरून बांधला जातो आणि तेथेच फसतो. अर्जावर ‘पटेल’ असे आडनाव असेल, तर अर्जदार हिंदू, मुसलमान वा पारशी यांपैकी कोणीही असू शकतो. देशमुख हिंदूंत आहेत, तसे मुसलमानांतही आहेत. कोकणातील बेने इस्रायल यहुद्यांची आडनावे गावांवरून पडलेली, ‘कर’ने संपणारी आहेत.

हीच अडचण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या सैन्यातही होती. हिंदू, मुसलमान व शीख सैनिकांची अभिवादने निरनिराळी होती. कोणत्याही एका धर्माचे नसलेले अभिवादन म्हणून तेथे ‘जय हिंद’ स्वीकारले गेले. ते सुचविण्याचे श्रेय हैदराबादचे आबिद हसन यांना दिले जाते. पोलीस दलात ते आजही रूढ आहे. मात्र परदेशी पाहुण्याला किंवा दाखल्यासाठी आलेल्या वृद्धेला ते औपचारिक वाटेल.

अशा वेळी ‘नमस्कार’ हा शब्द सोयीचा. तो देवाचे, पंथाचे वा नेत्याचे नाव घेत नाही. त्यालाही एक मर्यादा आहे. वाकणे व हात जोडणे हे केवळ ईश्वरापुढे, असे मानणारी माणसे आहेत. त्यांनी हात न जोडता मान हलविली किंवा उजवा हात कपाळाशी नेला, तर तो अनादर समजू नये. उर्दू भाषकांत ‘आदाब’ हे धर्मनिरपेक्ष अभिवादन याच गरजेतून उपयोगी ठरले आहे. परक्या स्त्रीपुरुषांत हस्तांदोलनासाठी प्रथम हात पुढे न करणे बरे. समोरून हात आला, तर तो स्वीकारावा.

आता तो पटेल आडनावाचा अर्जदार दारात आला आहे असे समजा. लिपिकाने ‘नमस्कार, या, बसा’ म्हणावे. अर्जदार ‘सलाम’ म्हणाला, तर ‘सलाम’ म्हणावे. ‘जय भीम’ म्हणाला, तर ‘जय भीम’. तो नुसता हसला आणि काही बोलला नाही, तर मराठी येत नसावे असे लगेच ठरवू नये. ‘कोणत्या भाषेत बोलणे सोयीचे होईल?’ असे प्रथम मराठीत व मग हिंदीत विचारावे. स्वतःची ओळख कशी द्यावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. कचेरीने तेवढी वाट पाहावी.