नऊ फुटी टेबल आणि भोवतीची जागा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

1936 साली प्रागमध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा भरली होती. सांघिक लढतीत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेत समोरासमोर आले आणि पहिल्याच गुणासाठी चेंडू दोन तासांहून अधिक वेळ इकडून तिकडे जात राहिला. दोघेही बचावात निष्णात. चेंडू फक्त परत करायचा, चूक समोरच्याला करू द्यायची, हा दोघांचाही निर्धार. पंच, प्रेक्षक, पुढच्या सामन्याचे खेळाडू, सगळे ताटकळले.

त्या काळी अशा रॅली लांबायच्या, याला खेळाडूंच्या चिकाटीइतकेच टेबलावरचे नेटही कारणीभूत होते. ते पावणेसात इंच उंच असे. 1937 साली ते खाली आणून सहा इंचांवर ठेवले गेले आणि सामन्याला वेळेची मर्यादाही लागू झाली. पाऊण इंचाचा फरक तो किती, असे कुणालाही वाटेल. पण आक्रमक खेळाला वाट मिळाली ती या पाऊण इंचात, आणि हे साध्या भूमितीने दाखवता येते.

टेबल 2.74 मीटर लांब, म्हणजे बरोबर नऊ फूट. नेट मधोमध असल्यामुळे टेबलाच्या टोकापासून ते 137 सेंटीमीटरवर येते. नेटची आजची उंची 15.25 सेंटीमीटर. आता टेबलाच्या टोकाशी उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू अगदी सरळ रेषेत, जोरात मारला असे धरू. तो नेटला न लागता पलीकडच्या टोकाच्या आत पडायला हवा. नेट बरोबर अर्ध्या वाटेवर आहे, त्यामुळे मारताना चेंडू टेबलापासून नेटच्या दुप्पट उंचीवर, म्हणजे 30.5 सेंटीमीटरवर असावा लागतो. जमिनीपासून मोजले तर टेबलाची 76 सेंटीमीटर उंची मिळवून हे अंतर 106 सेंटीमीटरांच्या पुढे जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या ते छातीच्या आसपास येईल. चेंडू याहून खाली असेल तर सरळ स्मॅश बसत नाही. मग चेंडूला टॉपस्पिन द्यावा लागतो, म्हणजे तो नेटवरून उचलला जाऊन पलीकडे झपकन खाली वळतो. जुन्या पावणेसात इंची नेटवर हाच हिशेब केला तर चेंडू 34 सेंटीमीटरांच्या वर उसळल्याशिवाय सरळ मारता येत नव्हता. म्हणजे जवळजवळ चार सेंटीमीटरांच्या पट्ट्यातले सगळे चेंडू, जे आज मारता येतात, ते तेव्हा मुकाट्याने परत करावे लागत.

नेटमधली एका सेंटीमीटरची चूक खेळाडूच्या बॅटपाशी दोन सेंटीमीटरांची होऊन पोहोचते, हे या हिशेबातून कळते. त्यामुळे नेट अंदाजाने लावून चालत नाही. आपल्याकडच्या क्लबांत आणि शाळांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नेमके इथेच. टेबल हजारो रुपयांचे येते, त्यावर मुले वर्षानुवर्षे शिकतात, आणि नेट मात्र मध्ये ओघळलेले असते. टोकाला उंची बरोबर भरते, मध्यभागी मोजली तर चौदा सेंटीमीटर निघते. अशा टेबलावर तयार झालेल्या मुलाचे मधून जाणारे फटके स्पर्धेच्या टेबलावर पटापट नेटमध्ये अडकू लागतात, आणि आपले काय बिघडले हे त्याला उमगत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. 15.25 सेंटीमीटरची खूण केलेली एक ताठ पट्टी घ्यावी. ती टेबलावर उभी धरून नेटची वरची कड दोन्ही पोस्टपाशी आणि मध्यभागी, अशा तीन ठिकाणी पाहावी. मग दोरीचा ताण. पंचांकडे यासाठी शंभर ग्रॅम वजनाचे माप असते. ते नेटच्या मध्यभागी अडकवले की वरची कड एक सेंटीमीटर खाली यावी. जास्त आली तर दोरी सैल आहे. अजिबात हललीच नाही तर दोरी गरजेपेक्षा ताणलेली आहे, आणि अशा कडक दोरीला लागलेला चेंडू वेगळाच उडतो. नेटची खालची कड टेबलाला जवळजवळ टेकलेली असावी. तिथे फट असली तर चेंडू खालून निसटतो आणि वाद सुरू होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पोस्ट टेबलाच्या कडेला चिकटून नसतात. त्यांची बाहेरची बाजू कडेपासून 15.25 सेंटीमीटर लांब असते, म्हणून टेबल 152.5 सेंटीमीटर रुंद असले तरी नेटची सगळी मांडणी 183 सेंटीमीटर होते. नियमाप्रमाणे चेंडू नेटवरून गेला काय किंवा पोस्टला वळसा घालून बाहेरून गेला काय, पलीकडच्या टेबलावर पडला की फटका चांगला. बाहेरून जाणारा चेंडू नेटच्या उंचीपेक्षा खालून गेला तरी चालतो. कडेपुरतेच पुरणारे स्वस्त नेट लावले तर हा फटका गरजेपेक्षा सोपा होऊन बसतो.

टेबलाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पृष्ठभाग गडद आणि चमक नसलेला, कडेने दोन सेंटीमीटर रुंद पांढऱ्या रेघा, मधोमध दुहेरीसाठी तीन मिलिमीटरची रेघ. परीक्षा एकच: चेंडू तीस सेंटीमीटरवरून सोडला की तो सुमारे तेवीस सेंटीमीटर उसळला पाहिजे, आणि टेबलाच्या प्रत्येक भागात सारखाच. पातळ फळीचे टेबल इथेच उघडे पडते. स्पर्धेच्या टेबलांची फळी साधारण पंचवीस मिलिमीटर जाडीची असते, घरगुती टेबलांची बऱ्याचदा त्याच्या निम्मी. अशा फळीवर पायांजवळ उसळी बरी मिळते आणि मध्ये चेंडू मरतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात फळीच्या कडा ओल धरून फुगल्या, तरी हाच दोष दिसू लागतो.

आता जागेकडे वळू.

स्पर्धेसाठी आंतरराष्ट्रीय नियम एका टेबलाला किमान 14 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 5 मीटर उंच जागा मागतात. टेबलाची लांबी वजा केली की प्रत्येक खेळाडूच्या मागे साडेपाच मीटरहून जास्त जागा उरते, आणि प्रत्येक बाजूला पावणेतीन मीटर. टेबल अडवते त्याच्या कितीतरी पट जागा मोकळी ठेवायची, ती उगीच नाही. जोराचा टॉपस्पिन टेबलावर आपटल्यावर पुढे झेपावतो. त्याला परतवणारा खेळाडू तीन-चार मीटर मागे जातो, तिथून चेंडू उंच लॉब करतो. त्या वेळी छत खाली असले तर रॅली तिथेच संपते. ज्येष्ठांच्या स्पर्धांत हीच जागा 10 बाय 5 मीटरपर्यंत कमी करण्याची मुभा आहे. चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांसाठी ती 8 बाय 6 मीटरपर्यंत येते. इथे लांबी बरीच कमी होते आणि रुंदी फक्त एक मीटरने, कारण बसून खेळणारा खेळाडू मागे फारसा जात नाही, पण खुर्ची कडेला फिरवायला त्याला जागा लागतेच.

एवढी जागा सोसायटीत कुठून आणायची? म्हणून एक नेहमीचा हॉल घेऊ: 24 फूट लांब, 16 फूट रुंद, छत दहा फुटांवर. मीटरमध्ये ते 7.32 बाय 4.88 झाले. टेबल मधोमध ठेवले तर प्रत्येक टोकामागे 2.29 मीटर राहतात आणि दोन्ही बाजूंना 1.68 मीटर. मुलांना शिकायला, मोठ्यांना संध्याकाळी खेळायला ही जागा चांगली आहे. टेबलाजवळ राहून ब्लॉक करणारा, काउंटर मारणारा खेळाडू इथे नीट तयार होईल. मागे जाऊन लूप किंवा चॉप करणारा मात्र होणार नाही, कारण तिसऱ्या पावलाला पाठ भिंतीला लागते. मुलगा स्पर्धेत उतरणार असेल तर त्याला आठवड्यातून काही वेळा मोठ्या हॉलमध्ये नेणे भाग आहे.

हाच हॉल बिघडवायचे मार्ग पुष्कळ आहेत. सर्वांत नेहमीचा म्हणजे ये-जा सोयीची व्हावी म्हणून टेबल एका भिंतीकडे सरकवणे. त्या बाजूला साठ सेंटीमीटर उरले की फोरहँडला कोपर भिंतीवर आपटते, मूल हात आखडून खेळू लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. दुसरा मार्ग दोन टेबले शेजारी मांडण्याचा. 4.88 मीटरमधून दोन टेबलांची रुंदी गेली की तीन ठिकाणी मिळून 1.83 मीटर राहतात, म्हणजे प्रत्येक फट एकसष्ट सेंटीमीटर. तिथून दोन माणसे एकमेकांना चुकवत चालूसुद्धा शकत नाहीत.

छताचे पाहू. दहा फुटांचे छत म्हणजे 3.05 मीटर, पण खाली आलेली तुळई किंवा पंखा धरला तर हातात उरते ती उंची पावणेतीन मीटरच्या आसपास. चेंडूचे वजन फक्त 2.7 ग्रॅम असते. चालू पंख्याखाली तो हवेत सरकतो आणि सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू सरळ खाली येत नाही. म्हणून खेळताना पंखा बंद ठेवावा, आणि मधल्या वेळात हॉल हवेशीर करावा. खिडकी कुणा एकाच्या पाठीमागे असेल तर तिला गडद पडदा लावावा, नाहीतर उजेडातून येणारा पांढरा चेंडू समोरच्याला दिसत नाही. गुळगुळीत टाइल्स चमकतात आणि घामाने निसरड्या होतात. मोठ्या स्पर्धांत दगड, सिरॅमिक किंवा काँक्रीटची जमीन चालत नाही ती गुडघ्यांच्या काळजीने. सोसायटीत निदान टेबलाच्या दोन्ही टोकांना रबरी चटई घट्ट बसवून घ्यावी. कडा उचललेली चटई मात्र टाइल्सपेक्षा धोकादायक.

टेबल विकत घेण्याआधी सोसायटीच्या कमिटीने एक काम जरूर करावे. हॉलच्या मधोमध खडूने 274 बाय 152.5 सेंटीमीटरचा चौकोन आखावा. सोसायटीतल्या दोन उंच माणसांना त्याच्या टोकांशी उभे करावे, हातात बॅट देऊन पूर्ण फोरहँड फिरवायला लावावा आणि दोन पावले मागे जाऊन पुन्हा फिरवायला सांगावे. भिंत, खांब, दाराची कडी, कपाट, काय आड येते ते तिथल्या तिथे कळते. आड येणारे हलवता येत असेल तर टेबल मागवावे. हलवता येत नसेल तर ते पैसे कॅरम किंवा बुद्धिबळाच्या साहित्याला द्यावेत आणि मुलांसाठी जवळच्या शाळेचा मोठा हॉल संध्याकाळपुरता मागून घ्यावा.